व्हाइसशेजारचे कार्ड

टॅप मोडतो तेव्हा फार मोठा आवाज होत नाही. बारीकसे ‘कट्’ होते, हातातले हँडल एकदम हलके लागते आणि टॅपचा अर्धा तुकडा जॉबमध्येच अडकून बसतो. हाय स्पीड स्टीलचा तो तुकडा साध्या ड्रिलला दाद देत नाही. कानशीने घासून मापात आणलेला जॉब बहुतेक वेळा तिथेच बाद होतो.

आयटीआयमधल्या जोडारी, म्हणजे फिटर ट्रेडच्या थिअरीच्या पुस्तकात टॅप का मोडतो याची कारणे व्यवस्थित दिलेली असतात. भोक लहान पडले, टॅप तिरका गेला, जोर जास्त लावला, कीस मोडण्यासाठी टॅप मागे फिरवला नाही, तेल घातले नाही, हँडल नको तेवढे मोठे घेतले. यादीत खोट काढण्यासारखे काही नाही. अडचण एवढीच की ती बाकावर बसून वाचली जाते आणि टॅप मोडतो तो व्हाइसपाशी. दोन वर्षांच्या या ट्रेडच्या सध्याच्या अभ्यासक्रमात वर्षाला ८४० तास प्रात्यक्षिकाचे आणि २४० तास थिअरीचे आहेत. प्रात्यक्षिकाच्या तासांत हात तेलकट असतात, हजेरीपासून जॉब जमा करण्यापर्यंत वेळ बांधलेला असतो, आणि पुस्तक कुठेतरी दप्तरात असते. ते काढले तरी हवा तो मुद्दा चौथ्या परिच्छेदाच्या मध्यावर सापडायचा.

यावर उपाय म्हणून अनेक निदेशक चित्रांची पायरी-कार्डे करतात. व्हाइसजवळ टांगलेल्या पुठ्ठ्यावर पाच-सात चित्रे आणि प्रत्येकाखाली एखादी ओळ. दिसायला सोपे काम. म्हणूनच ते सहसा बिघडते, कारण पहिला मोह असतो तो प्रकरण आखडून कार्डावर बसवण्याचा. मथळे तेच, क्रम तोच, फक्त वाक्ये तोकडी. असे कार्ड परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणीला बरे पडते. टॅप हातात असताना मात्र त्याचा उपयोग होत नाही.

कारण प्रकरणाची मांडणी विषयाप्रमाणे असते. टॅपचे भाग, टॅपचे प्रकार, टॅप हँडलचे प्रकार, ड्रिलच्या मापाचा हिशेब, टॅपिंगची कृती, मोडण्याची कारणे, मोडका टॅप काढण्याच्या पद्धती. हाताचा क्रम याहून वेगळा असतो. हात आधी जॉब पकडतो, मग भोकाचे तोंड पाहतो, मग टॅप उचलतो. त्या प्रत्येक वेळी त्याला प्रकरणाच्या निरनिराळ्या भागांतला एकेक तुकडा लागतो. तो तुकडा शोधून नेमक्या जागी आणून ठेवणे, हे कार्ड करणाऱ्याचे खरे काम.

उदाहरण म्हणून एकच जॉब घेऊ: माइल्ड स्टीलच्या पट्टीत एम १० चे आरपार आटे, हाताने पाडायचे. नेहमीच्या एम १० आट्यांचा पिच १.५ मिलिमीटर असतो. यासाठी किती मापाचे ड्रिल घ्यायचे, यावर थिअरीत चांगला अर्ध्या पानाचा हिशेब असतो. आट्यांची खोली दोन्ही बाजूंनी वजा केली तर उत्तर ८.२ च्या आसपास येते. त्या मापाचे भोक पाडले तर आटे पूर्ण खोलीचे होतील, पण टॅप फिरवायला जोर फार लागेल. आणि बोल्ट घट्ट आवळण्यासाठी पूर्ण खोलीच्या आट्यांची गरजही नसते. साठ टक्के खोलीच्या आट्यांचा नटसुद्धा आटे न जाता, बोल्ट तुटेपर्यंत आवळता येतो. म्हणून कामाचा हिशेब सोपा ठेवतात. व्यासातून पिच वजा करायचा. १० वजा १.५ म्हणजे ८.५.

हे अर्धे पान सुंदर आहे आणि वर्गात ते शिकवलेच पाहिजे. कार्डावर मात्र त्यातले काय घ्यायचे? नुसते ‘भोक ८.५’ लिहिले तर पुरेसे वाटते. पण टूल रूममध्ये ८.५ चे ड्रिल मिळाले नाही की मुलगा जवळचे म्हणून ८ चे घेतो आणि टॅप मोडून ठेवतो. तेव्हा या अर्ध्या पानातून आकड्याबरोबर चार शब्दांचे कारणही उचलावे लागते: ‘भोक ८.५. लहान भोकात टॅप मोडतो.’ सूत्र, टक्केवारी, आट्यांच्या खोलीचा गुणक हे सगळे पुस्तकातच राहू द्यावे. निवडीची कसोटी अशी की एखादे वाक्य हाताची कृती बदलत असेल तर ते कार्डावर येते. ते फक्त समज वाढवत असेल, तर ते वर्गाचे.

या कसोटीने प्रकरण चाळले की त्यातला बराच भाग गळतो. टॅपच्या भागांची नावे गळतात, टॅपिंग मशीनचा उल्लेख गळतो, मोडका टॅप काढण्याची हकिगत दुसऱ्या कार्डाकडे जाते. उरते ते थोडे आणि विखुरलेले. ते पायऱ्यांत बसवायला पुस्तक पुरत नाही. कुशल कारागिराला तेच काम करताना पाहावे लागते. त्याचे हात जिथे थांबतात, हत्यार बदलते, किंवा तो वाकून डोळा लावतो, तिथे एक पायरी संपते.

ही रीत जुनी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चार्ल्स ॲलन यांनी जहाजबांधणीच्या कामगारांना शिकवण्याची चार टप्प्यांची पद्धत बसवली होती. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत नवखी माणसे लोटली, तेव्हा तिकडच्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या सरकारी कार्यक्रमाने त्याच पायावर मुकादमांना एक साधा तक्ता करायला शिकवले. डाव्या रकान्यात कामाची पायरी, उजव्या रकान्यात त्या पायरीतली मख्खी. मख्खी कशाला म्हणायचे याचे निकषही ठरलेले होते: ज्याने काम साधते किंवा फसते, ज्याने इजा होऊ शकते, किंवा ज्याने काम सोपे होते. पुढे काही ठिकाणी तिसरा रकाना आला, ‘का?’ हा. पायरी-कार्ड करण्यापूर्वी असा तक्ता कच्च्या कागदावर भरून काढला तर निम्मे काम होते. चित्रे काढायची घाई त्यानंतरच करावी.

टॅपिंगच्या तक्त्यात ‘का?’चा रकाना विशेष कामाला येतो, कारण या कामात काही पायऱ्यांचे कारण बऱ्याच पुढच्या पायरीत दडलेले असते. पहिलेच पाहा. जॉब व्हाइसमध्ये पकडताना त्याचा वरचा पृष्ठभाग जबड्यांच्या किंचित वर ठेवायचा. का? तर पुढे टॅप सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी गुण्या टेकवायचा असतो, आणि जबडा वर असेल तर गुण्या बसत नाही. हे कारण न सांगता सूचना दिली तर ती कुणी पाळत नाही. जॉब खोल दाबून पकडला की घट्ट वाटतो, आणि नवशिक्याला घट्टपणाच महत्त्वाचा वाटत असतो. मग गुण्या बसत नाही म्हणून तो तपासणीच टाळतो आणि डोळ्याने अंदाज घेतो. टॅप तिरका जाण्याची सुरुवात अशी जॉब पकडण्याच्या पायरीवरच झालेली असते.

तक्ता भरून, काटछाट करून एम १० चे कार्ड साधारण असे उतरते:

१. भोक ८.५, तोंडाला काउंटरसिंक. लहान भोकात टॅप मोडतो.
२. जॉब जबड्याच्या थोडा वर. पुढे गुण्या बसायला हवा.
३. पहिला टॅप उभा ठेवा. हँडल मधोमध धरून दाबत फिरवा.
४. टॅपने पकड घेतली की हँडल काढा. गुण्या समोरून लावा, मग बाजूने.
५. कललाय? फिरवता फिरवता सावरा. पुन्हा गुण्या.
६. तेल घाला. आता दाबू नका. पुढे फिरवा, पाव फेरा मागे. अडला तर जोर नको, मागे घ्या.
७. दुसरा टॅप, तिसरा टॅप. ब्रशने कीस काढा. बोल्ट हाताने घालून पाहा.

सात ओळी वाचायला अर्धा मिनिट पुरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे चौथ्या पायरीवर असलेल्याला फक्त चौथी ओळ वाचावी लागते. तिसऱ्या आणि सहाव्या पायरीतला फरक प्रकरणात सहज निसटतो. सुरुवातीला टॅप दाबावा लागतो, कारण दाबल्याशिवाय तो धातूत शिरत नाही. एकदा दोन-तीन आटे पडले की तो स्वतःच स्वतःला आत ओढून घेतो. त्यानंतर खाली दाबत राहिले तर फायदा काहीच नाही, उलट हात एका बाजूला जड पडण्याचा धोका. ‘आता दाबू नका’ हे तीन शब्द त्यासाठी.

आता चित्रे. इथे चांगले चित्रकारही फसतात, कारण ते पुस्तकातल्या आकृत्या समोर ठेवून काढतात. पुस्तकातली आकृती वस्तू समजावण्यासाठी असते. ती बाजूने दिसते, पुष्कळदा छेद दाखवते, आणि तिच्यात हात नसतात. व्हाइससमोर उभ्या असलेल्याला जॉब वरून, तिरका, स्वतःच्या दोन हातांच्या मधून दिसतो. कार्डावरचे चित्र त्याच जागेवरून काढलेले हवे. तिसऱ्या पायरीत दोन्ही हात हँडलच्या मध्याजवळ, सहाव्या पायरीत हँडलच्या टोकांना. एवढा एक फरक दोन चित्रांत नीट दिसला की त्यावर वेगळे वाक्य लिहावे लागत नाही.

वर सांगितलेल्या अमेरिकी कार्यक्रमात प्रशिक्षकांना विजेच्या वायरीची एक विशिष्ट गाठ मारून दाखवायची असे. आधी फक्त तोंडाने सांगून, मग फक्त करून दाखवून. दोन्ही वेळा समोरच्याला ती जमत नसे. समोरासमोर उभे राहून दाखवलेले काम पाहणाऱ्याला आरशातल्यासारखे उलटे दिसते, हे त्यातले एक मोठे कारण. कार्डावरच्या चित्रातही हीच चूक होते, विशेषतः फोटो काढताना. निदेशक काम करतो, दुसरा कुणीतरी समोरून मोबाइलवर फोटो घेतो, आणि कार्डावर डावा-उजवा हात उलटा उमटतो. फोटो घ्यायचाच तर काम करणाऱ्याच्या खांद्यामागून घ्यावा.

फोटो की रेखाचित्र, हा वाद खरे तर लवकर मिटतो. वर्कशॉपमधल्या फोटोत मागचा व्हाइस, टेबलावरचा कीस, भिंतीवरचा फलक हे सगळे टॅपइतकेच ठळक येते, आणि चकाकत्या स्टीलवर चकाकता टॅप तर दिसतच नाही. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून हात, टॅप, हँडल आणि जॉब यांच्याच कडा गिरवल्या की उत्तम चित्र मिळते. त्याला चित्रकलेचा हात असावा लागत नाही. टॅपच्या दांड्यावर कोरलेली अक्षरे मात्र जशीच्या तशी, इंग्रजीतच गिरवावीत. ट्रेमधून टॅप उचलताना डोळा तीच शोधणार असतो.

पाचव्या पायरीचे चित्र सगळ्यांत अवघड. पुस्तक सांगते की टॅप ज्या बाजूला कलला असेल त्याच्या विरुद्ध बाजूला किंचित जास्त दाब द्यावा, आणि टॅप फिरत नसताना बाजूने दाब कधीच देऊ नये. पहिला अर्धा भाग चित्रात सहज येतो: उजवीकडे कललेला टॅप, डाव्या हातावर खाली जाणारा बाण. पण एवढेच चित्र पाहिलेला मुलगा हँडल थांबवतो आणि डावीकडे दाबतो. नेमकी हीच गोष्ट टॅप मोडते. चित्र स्थिर असते, म्हणून त्यातली कृतीही थांबून करायची आहे असे वाटते. त्यामुळे त्या चित्रात फिरण्याचा गोल बाण जाड आणि दाबाचा बाण बारीक हवा, आणि ओळीत ‘फिरवता फिरवता’ हे शब्द आधी हवेत. शेजारी छोट्या चौकटीत चुकीचे चित्र: गोल बाण नाही, नुसता दाब, आणि वर मोठी फुली. चुकीच्या चित्राचा आकार बरोबर चित्राच्या निम्म्याहून मोठा ठेवू नये. घाईत पाहणारा जे मोठे दिसेल त्याचीच नक्कल करतो.

गुण्याचेही एक चित्र पुरत नाही. समोरून सरळ दिसणारा टॅप बाजूने पुढे झुकलेला असू शकतो, म्हणून काटकोनातल्या दोन जागांवरून तपासायचे असते. चौथ्या पायरीत दोन छोटी चित्रे शेजारी शेजारी ठेवावीत. एकच मोठे ठेवले तर एकदाच तपासले जाते.

सामानाचे म्हणाल तर ए-फाइव्ह आकार पुष्कळ झाला. अक्षर हातभर अंतरावरून वाचता यावे. लॅमिनेशन हवेच, आणि तेही चकचकीत नको, कारण डोक्यावरच्या ट्यूबलाइटची चकाकी त्यात पडून मधली चित्रे दिसेनाशी होतात. वर भोक पाडून दोरी. मुलांना ते टेबलावर ठेवायला दिले की तासाभरात त्याच्यावर कानशी ठेवलेली असते.

कार्ड तयार झाले की निदेशकाने ते पहिल्यांदा एखाद्या मुलाच्या हाती द्यावे आणि गप्प उभे राहावे. हे फार जड जाते. मूल अडखळले की तोंडून सूचना निघतेच, आणि सूचना निघाली की कार्डाची परीक्षा संपली. पाहायचे काय, तर तो कुठे थांबतो, कुठे मान वर करून विचारतो आणि कोणती पायरी न कळत गाळतो. चौथी पायरी हमखास गळते. हँडल बसले आहे, टॅप फिरतो आहे, मग ते काढायचे कशाला? कार्डावर ‘हँडल काढा’ लिहिलेले असूनही तो हँडलसकट गुण्या लावू पाहतो. गुण्या हँडलला अडतो आणि तो पुढे निघून जातो. अशा वेळी ओळ ठळक करून काही होत नाही. चित्रात टॅप एकटा, हँडलशिवाय उभा आणि हँडल बाजूला टेबलावर पडलेले दाखवले, तर डोळ्याला ते लगेच वेगळे दिसते.

कार्डाला पुस्तकाबाहेर पाहायला लावणारी एक जागा सातव्या पायरीत आहे. टॅपचा संच तीनांचा असतो. काही संचांत तिन्ही टॅपचा व्यास सारखा आणि फक्त टोकाकडचा निमुळता भाग कमी-जास्त असतो. अशा संचातला पहिला टॅप आरपार गेला की आटे झाले, दुसरा-तिसरा नुसताच फिरतो. दुसऱ्या प्रकारच्या संचात मात्र पहिला टॅप मुद्दाम कमी व्यासाचा असतो. तो आटे उथळच पाडतो, पुढचे दोन ते पुरे करतात. या संचात पहिल्या टॅपच्या दांड्यावर एक वळी, दुसऱ्यावर दोन, आणि तिसऱ्यावर बहुधा एकही नसते. पहिल्या प्रकारच्या संचावर बेतलेले कार्ड दुसऱ्या प्रकारच्या संचाशेजारी टांगले तर मुलगा पहिल्या टॅपवरच थांबेल, आणि बोल्ट घालताना तो एखाद-दोन आट्यांवर अडकून बसेल. म्हणून वरच्या कार्डात तिन्ही टॅप घेतले आहेत. सारख्या व्यासाच्या संचात त्याने दोन मिनिटे जादा जातात, बिघडत काही नाही. तरीही कार्ड छापण्याआधी टूल रूममधला ट्रे उघडून पाहावा, हे बरे.

कार्डाला जमत नाहीत अशाही गोष्टी आहेत. ‘अडला तर मागे घ्या’ लिहिता येते. पण अडणे हाताला कसे लागते, टॅप मोडण्यापूर्वी हँडलला जो स्प्रिंगसारखा ताण जाणवतो तो कसा ओळखायचा, हे निदेशकाने मुलाच्या हातावर हात ठेवूनच कळते. कार्ड त्या प्रात्यक्षिकानंतरच्या तासांसाठी असते, जेव्हा निदेशक दुसऱ्या टोकाच्या व्हाइसपाशी गुंतलेला असतो.

शिवाय हे कार्ड एवढ्या एकाच जॉबचे आहे. एम १० चाच पण १.२५ पिचचा टॅप आला तर भोक ८.८ चे लागते. कास्ट आयर्नची पट्टी आली तर सहाव्या पायरीतले तेल जाते, कारण त्याचा कीस भुकटीसारखा पडतो आणि तेलात कालवून टॅपच्या खाचांत चिकटतो. हे सगळे एकाच कार्डावर ‘जर... तर’ करून कोंबले की पुन्हा प्रकरण तयार होते. त्यापेक्षा कार्डाच्या वरच्या पट्टीत ठळक लिहावे: एम १०, पिच १.५, माइल्ड स्टील, आरपार. बंद तळाच्या भोकाचे कार्ड वेगळे करावे. तिथे टॅपवर खोलीची खूण म्हणून चिकटपट्टीचा वेढा द्यावा लागतो, मधूनमधून टॅप पूर्ण बाहेर काढून जॉब उलटा करून कीस झटकावा लागतो, आणि तिसरा टॅप कुठल्याही संचात टाळता येत नाही, कारण तळापर्यंतचे आटे फक्त तोच पाडतो. दोन्ही कार्डांच्या पट्ट्या निरनिराळ्या रंगांच्या ठेवल्या आणि रंगाबरोबर भोकाची छोटी आकृतीही काढली, एक आरपार आणि एक तळ असलेले, तर रंग नीट न ओळखणाऱ्यालाही आपले कार्ड कोणते ते सापडते.